शंभरातल्या शहाऐंशी वेळा

शेअर बाजारात ऑप्शनचे व्यवहार करणाऱ्यांच्या मोबाइलवर हल्ली एक आकडा ठळकपणे दिसतो. त्याला ते 'पीओपी' म्हणतात. 'प्रॉबॅबिलिटी ऑफ प्रॉफिट', म्हणजे नफा होण्याची संभाव्यता, याचे हे आद्याक्षरी रूप. कोणता ऑप्शन विकावा याची यादी अॅप दाखवते आणि प्रत्येकासमोर ८६ टक्के, ९१ टक्के, ९७ टक्के अशी संख्या असते. शंभरातल्या शहाऐंशी वेळा नफा असेल तर कोणाला नको? सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. तीनुसार २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे व ऑप्शन यांचे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी सुमारे ९३ टक्के लोक तोट्यात राहिले. हा आकडा ऑप्शन घेणारे आणि विकणारे, दोघांचा मिळून आहे, म्हणून त्यावरून पीओपी खोटा ठरवता येणार नाही. पण बारावीतल्या मुलांच्या हातातही ही अॅप्स आहेत, आणि संभाव्यता हा धडा त्यांना याच वर्षांत शिकवला जातो. तेव्हा हा आकडा कसा तयार होतो आणि तो काय सांगत नाही, हे तपासणे योग्य होईल.

प्रथम ऑप्शन म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. 'पुट' ऑप्शन घेणाऱ्याला एखादी गोष्ट ठरलेल्या भावाने विकण्याचा हक्क मिळतो. या ठरलेल्या भावाला स्ट्राइक म्हणतात. हक्काबद्दल तो विकणाऱ्याला आगाऊ रक्कम देतो, तिला प्रीमियम म्हणतात. पुट हा एक प्रकारे विमाच आहे: भाव पडला तर स्ट्राइकच्या खाली जितका पडेल तितकी भरपाई विकणाऱ्याने द्यायची. भाव पडला नाही तर प्रीमियम विकणाऱ्याचा. 'कॉल' म्हणजे याच्या उलट, विकत घेण्याचा हक्क. या लेखात आम्ही पुटचेच उदाहरण घेणार आहोत.

३ जून २०२४ हा दिवस घेऊ. लोकसभेचे मतदान संपून मतदानोत्तर चाचण्या आल्या होत्या. त्या सोमवारी निफ्टी निर्देशांक सव्वातीन टक्के चढून २३,२६३.९० वर बंद झाला. मतमोजणी दुसऱ्या दिवशी होती आणि त्या आठवड्याच्या ऑप्शनची मुदत, म्हणजे एक्स्पायरी, गुरुवारी ६ जूनला होती. समजा, सोमवारी बाजार बंद होताना एकाने २२,४५० या स्ट्राइकचा पुट विकला. येथे आम्ही त्या दिवसाचे प्रत्यक्ष बाजारभाव वापरत नाही. निफ्टीचा रोजचा चढउतार सुमारे २ टक्के प्रमाण विचलनाचा धरून नेहमीच्या ब्लॅक-शोल्स सूत्राने आलेले भाव वापरतो. निर्देशांकाचे आकडे मात्र खरे आहेत.

रोजचे विचलन २ टक्के, तर तीन दिवसांचे किती? सहा टक्के नव्हे. स्वतंत्र चढउतारांची बेरीज वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून २ गुणिले तीनचे वर्गमूळ, म्हणजे साधारण साडेतीन टक्के. २३,२६४ चे साडेतीन टक्के म्हणजे ८१४ अंक. आमचा स्ट्राइक २२,४५० बरोबर ८१४ अंक खाली आहे, म्हणजे एक प्रमाण विचलन खाली. घंटाकृती वक्र शिकवलेल्या शिक्षकांना पुढचे उत्तर तोंडपाठ असेल: एक विचलनापेक्षा खाली जाण्याची शक्यता सुमारे १६ टक्के. सूत्राने या पुटचा प्रीमियम सुमारे ६५ अंक येतो. त्या वेळी निफ्टीचा एक लॉट २५ चा होता, म्हणून एका लॉटमागे विकणाऱ्याला १,६२५ रुपये मिळाले.

आता पीओपी काढण्याच्या दोन रीती पाहू. पहिली रीत डेल्टावरून. निर्देशांक एक अंक हलला तर ऑप्शनचा भाव किती हलेल, हे डेल्टा सांगतो. आपल्या पुटचा डेल्टा ०.१५ येतो (पुटच्या बाबतीत चिन्ह उणे असते, ते तूर्त बाजूला ठेवू). म्हणजे निर्देशांक १०० अंक पडला तर पुट सुमारे १५ अंकांनी महागेल. हा झाला वक्राचा चढ; त्याचा संभाव्यतेशी काय संबंध? मुदतीच्या क्षणाचा विचार करा. निर्देशांक स्ट्राइकच्या खाली असेल तर पुटचा भाव अंकाला अंक हलतो, चढ १. वर असेल तर पुट शून्यच राहतो, चढ ०. आजचा चढ हा पुढे येऊ शकणाऱ्या या एकांची आणि शून्यांची सरासरी असतो. एक येण्याची शक्यता १५ टक्के असेल तर सरासरी ०.१५. म्हणून डेल्टा ०.१५ असलेला पुट विकला की नफ्याची शक्यता ८५ टक्के, असे म्हणण्याची पद्धत पडली.

ही सरासरी अगदी बिनवजनाची नसते, म्हणून डेल्टा आणि खरी संभाव्यता यांत थोडा फरक पडतो. आपल्या उदाहरणात डेल्टा १५.० टक्के म्हणतो आणि तेच सूत्र स्ट्राइकच्या खाली जाण्याची शक्यता १५.९ टक्के देते. मुदत लांब असेल तर फरक वाढतो. या फरकावर जाणकार मंडळी बराच वाद घालतात, आणि तो मिटला की आकडा शुद्ध झाला असे मानतात. आमच्या मते हा वाद चुकीच्या जागी चालला आहे. एका टक्क्याचा दोष काढला तरी मुख्य दोष आहे तिथेच राहतो.

दुसरी रीत ना-नफा-ना-तोटा बिंदूची. विकणाऱ्याने ६५ अंक आधीच घेतले आहेत. म्हणून निर्देशांक २२,४५० खाली आला की लगेच तोटा होत नाही. २२,४५० वजा ६५, म्हणजे २२,३८५ खाली गेला तरच होतो. मुदतीला निर्देशांक या बिंदूच्या वर असण्याची शक्यता तीच घंटा वापरून काढली तर ८६ टक्के येते. कोणी पुटबरोबर कॉलही विकला तर खाली एक आणि वर एक असे दोन बिंदू येतात आणि मधल्या पट्ट्याचे क्षेत्रफळ म्हणजे पीओपी. बहुतेक अॅप्स या दोनांपैकी एक रीत वापरतात. गणित म्हणून दोन्हींत गैर काही नाही.

मात्र या गणितात आपण वापरलेला २ टक्क्यांचा आकडा आला कोठून, हे पाहायला हवे. आम्ही तो धरून चाललो, पण अॅप तो धरत नाही. ते बाजारातला प्रीमियम घेते, सूत्र उलट्या दिशेने सोडवते आणि किती चढउतार धरला तर हा प्रीमियम येईल, ते काढते. मग तोच चढउतार सुलट घालून संभाव्यता छापते. म्हणजे प्रीमियममधून निघालेली माहितीच वेगळ्या एककात आपल्यापुढे येते. पीओपी हे भविष्याबद्दलचे स्वतंत्र अनुमान नसून त्या दिवशीच्या भावाचेच भाषांतर आहे.

आणि हे भाषांतर नीट वाचले तर काय दिसते? सूत्र असे गृहीत धरते की प्रीमियम रास्त आहे, म्हणजे सरासरीने ना विकणाऱ्याचा फायदा, ना घेणाऱ्याचा. मग ८६ वेळा ६५-६५ अंक मिळत असतील, तर उरलेल्या १४ वेळा मिळून तेवढेच जायला हवेत. ८६ गुणिले ६५ म्हणजे ५,५९०. त्याला १४ ने भागले की एका तोट्याची सरासरी सुमारे ४०० अंक येते, म्हणजे नफ्याच्या सहापट. (नफ्याच्या काही थोड्या वेळा निर्देशांक स्ट्राइक आणि बिंदू यांच्यामध्ये थांबतो आणि पूर्ण ६५ मिळत नाहीत. त्याने उत्तरात फारसा फरक पडत नाही.) हे गुणोत्तर सगळीकडे चालते. पीओपी ९० असेल तर सरासरी तोटा सरासरी नफ्याच्या नऊपट आणि ९९ असेल तर नव्व्याण्णवपट. म्हणजे अॅपच्या यादीत जो ऑप्शन सर्वांत वर दिसतो, त्यातला तोटा नफ्याच्या मानाने सर्वांत मोठा असणार, हे त्याच सूत्रातून निघते. पडद्यावर मात्र अर्धेच वाक्य छापलेले असते.

येथपर्यंत आपण सूत्र खरे मानले. प्रत्यक्षात ते दुर्मीळ घटनांच्या बाबतीत खरे नसते, आणि पीओपीचा खरा घात तिथे होतो. वर्गात करून दाखवता येईल असा एक प्रयोग सांगतो.

दोन पिशव्या घ्या. प्रत्येकीत शंभर घडी घातलेल्या चिठ्ठ्या. ८६ पांढऱ्या, प्रत्येकीवर '६५ मिळाले' असे लिहिलेले. १४ पिवळ्या, त्यांवर तोटा लिहिलेला. पहिल्या पिशवीतल्या सगळ्या पिवळ्या चिठ्ठ्यांवर ४०० लिहा. दुसऱ्या पिशवीतल्या तेरांवर ३०० लिहा आणि एकीवर ६,०००. विद्यार्थ्यांना एक-एक चिठ्ठी काढून परत टाकायला सांगा. पीओपी दोन्ही पिशव्यांचा ८६ टक्केच आहे, कारण तो फक्त रंग मोजतो. पण पहिल्या पिशवीची बेरीज जवळजवळ शून्य आहे, आणि दुसरीची ५,५९० वजा ९,९००, म्हणजे उणे ४,३१०. दर चिठ्ठीला सरासरी ४३ अंक जातात. ही पिशवी खेळणाऱ्याला बुडवणारी आहे.

आता प्रत्येकाला पन्नास चिठ्ठ्या काढू द्या. दुसऱ्या पिशवीतून पन्नास वेळा काढूनही ती ६,००० ची चिठ्ठी एकदाही न येण्याची शक्यता ०.९९ चा पन्नासावा घात, म्हणजे सुमारे ६० टक्के. अशा विद्यार्थ्याच्या वहीत साधारण ४३ नफे आणि ७ तोटे असतील: २,७९५ वजा २,१००, निव्वळ ६९५ चा फायदा. पहिल्या पिशवीवाल्याच्या वहीत ४३ नफे आणि ४०० चे ७ तोटे, म्हणजे जवळजवळ शून्य. थोडक्यात, दर दहांपैकी सहा मुले स्वतःच्या अनुभवावरून शपथेवर सांगतील की दुसरी पिशवी चांगली. आणि पीओपी तपासून पाहणारा म्हणेल, '८६ टक्के सांगितले होते, पन्नासांत ४३ आले, आकडा तंतोतंत बरोबर आहे.' तोही खोटे बोलत नाही. आठवड्याला एक ऑप्शन विकणाऱ्याच्या दृष्टीने पन्नास चिठ्ठ्या म्हणजे जवळजवळ एक वर्ष. वर्षभराची अशी वही दाखवून शिकवणी लावायला सांगणारे गुरू कसे तयार होतात, हेही या प्रयोगावरून कळेल.

बाजार कोणत्या पिशवीसारखा आहे? १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक एका दिवसात २० टक्क्यांहून अधिक पडला. २३ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या तोंडावर, निफ्टी एका दिवसात १३ टक्के पडला. रोजचे विचलन २ टक्के धरले तर १३ टक्क्यांची घसरण साडेसहा विचलनांची होते, आणि घंटाकृती वक्राच्या हिशोबाने ती दहा कोटी वर्षांतून एखादे वेळी यावी. त्या मार्चमध्ये चढउतार आधीच वाढलेले होते, म्हणून हा हिशोब सूत्राला थोडा अन्यायकारक आहे. तरी दहा कोटी वर्षांचा खड्डा तेवढ्याने भरून निघत नाही. आमच्या पुटवर तेवढी घसरण आली असती तर निर्देशांक २०,२४० च्या आसपास येऊन तोटा २,१४५ अंकांचा झाला असता, प्रीमियमच्या तेहतीसपट. त्यासाठी पीओपीमध्ये काही बदल करावा लागला असता का? नाही. बिंदूच्या एक अंक खाली आणि दोन हजार अंक खाली, दोन्ही त्याच्या लेखी पिवळ्या चिठ्ठ्याच.

हा आंधळेपणा किती पूर्ण आहे, हे एका बदलाने दिसते. समजा, आपल्या विक्रेत्याने २२,४५० चा पुट विकतानाच २१,९५० चा पुट स्वतःसाठी विकत घेतला. त्याच सूत्राने त्याची किंमत सुमारे १६ अंक येते. हातात ६५ ऐवजी ४९ अंक राहिले. पण आता निर्देशांक २१,९५० खाली कितीही गेला तरी पुढचा तोटा विकत घेतलेला पुट भरून देईल. म्हणून तोटा जास्तीत जास्त ५०० वजा ४९, म्हणजे ४५१ अंक. ना-नफा-ना-तोटा बिंदू २२,४०१ वर सरकला आणि पीओपी ८६.१ चा ८५.६ झाला. पीओपीच्या क्रमाने लावलेल्या यादीत हा व्यवहार पहिल्याच्या खाली दिसेल. एकीकडे निर्देशांक कोठवर पडेल तेथवर तोटा, दुसरीकडे ४५१ वर पक्की भिंत, आणि आकड्याच्या दृष्टीने दुसरा व्यवहार अर्ध्या टक्क्याने वाईट! (प्रत्यक्ष बाजारात खालच्या स्ट्राइकचे पुट सूत्रापेक्षा महाग असतात, म्हणून भिंत १६ अंकांत मिळेलच असे नाही. पण ते महाग का असतात, याचे उत्तरही वरच्या परिच्छेदात आहे.)

आता ४ जूनला काय झाले ते पाहू. मतमोजणीचे कल चाचण्यांपेक्षा वेगळे येऊ लागले आणि निफ्टी घसरत त्या दिवशी २१,२८१ पर्यंत खाली गेला. बंद झाला तो २१,८८४.५० वर, सुमारे सहा टक्के खाली. नीचांकाच्या वेळी २२,४५० चा पुट घेणाऱ्याचा हक्क १,१६९ अंकांचा होता. मुदतीला दोन दिवस बाकी होते, म्हणून बाजारात त्याला निदान तेवढी किंमत असणार. विकणाऱ्याचा तोटा त्या क्षणी ६५ वजा करून १,१०४ अंक, म्हणजे लॉटमागे सुमारे २७,६०० रुपये. मिळालेले होते १,६२५.

ऑप्शन विकणाऱ्याला तारण म्हणून मार्जिन ठेवावे लागते. समजा, ते लॉटला ६५ हजार होते आणि आपल्या विक्रेत्याने साडेसहा लाख रुपयांवर दहा लॉट विकले. ८५-८६ टक्क्यांचा आकडा समोर असला की बहुधा असेच होते. एक लॉट विकून १,६२५ रुपयांत कोणाचे समाधान होत नाही. नीचांकाला त्याचा तोटा पावणेतीन लाखांवर गेला. खात्यात उरले पावणेचार लाख, आणि हवे होते निदान साडेसहा लाख. घसरणीच्या दिवशी मार्जिनची मागणी वाढते, कमी होत नाही. पैसे ताबडतोब भरता आले नाहीत तर दलाल व्यवहार मोडतो, म्हणजे विकलेला पुट त्या वेळच्या भावाने परत विकत घेतो. विक्रेत्याचे जवळजवळ चाळीस टक्के भांडवल एका दुपारी गेले.

आणि पुढे? ५ जूनला निफ्टी सावरून २२,६२० वर बंद झाला आणि ६ जूनला, मुदतीच्या दिवशी, २२,८२१ वर. २२,४५० च्या वर! म्हणजे तो पुट मुदतीला शून्य झाला. पीओपीच्या हिशोबात हा व्यवहार पांढरी चिठ्ठी आहे. मागील वर्षांचे आकडे घेऊन कोणी पडताळा करील तर हा आठवडा यशाच्या रकान्यात पडेल, कारण पडताळ्यात फक्त शेवटचा भाव पाहिला जातो. ज्याच्याकडे दहा लॉटऐवजी एकच होता आणि भरपूर पैसे मोकळे होते, त्याला ६५ अंक खरोखरच मिळाले असते. दहा लॉटवाला मंगळवारीच संपला.

येथे पीओपीची दुसरी उणीव दिसते. ही संभाव्यता मुदतीच्या एका क्षणाची आहे, वाटेतल्या दिवसांची नाही. वाटेत केव्हा तरी स्ट्राइकला स्पर्श होण्याची शक्यता मुदतीला त्याच्या खाली असण्याच्या शक्यतेच्या साधारण दुप्पट असते. कारण सोपे आहे. निर्देशांक स्ट्राइकला टेकला की तेथून पुढे खाली आणि वर जाण्याच्या शक्यता जवळजवळ सारख्या. म्हणून टेकलेल्यांपैकी निम्मेच शेवटी खाली राहतात आणि उरलेले निम्मे वर येतात. १६ टक्क्यांऐवजी ३२ टक्के हा आकडा अॅपने छापला असता तर दहा लॉट विकणाऱ्याचा हात कदाचित थोडा अडखळला असता.

ऑप्शन विकणाऱ्यांची बाजूही पाहायला हवी, कारण ती पोकळ नाही. प्रीमियममध्ये गृहीत धरलेला चढउतार प्रत्यक्ष चढउतारापेक्षा बहुधा थोडा जास्त असतो, हे अनेक बाजारांत दिसून आलेले आहे. विमा कंपनी जशी अपेक्षित भरपाईपेक्षा थोडा जास्त हप्ता घेते, तसेच हे. म्हणून विकण्याच्या धंद्यात दीर्घकाळात काही मोबदला असू शकतो. पण हा मोबदला पीओपीत दिसत नाही. तो प्रीमियम आणि प्रत्यक्ष घडणारे तोटे यांच्या तुलनेत असतो, आणि त्या तोट्यांत ६,००० ची चिठ्ठीही धरावी लागते. विमा कंपनी 'बहुतेक घरांना आग लागत नाही' एवढ्यावर हप्ता ठरवत नाही. लागली तर किती जळेल हे ती आधी पाहते, आणि एकाच गल्लीतल्या सगळ्या घरांचा विमा घेत नाही. ऑप्शन विकणाऱ्याची सगळी घरे बहुधा एकाच गल्लीत असतात.

तोटा ठरावीक मर्यादेला गेला की आपोआप बाहेर पडू, असेही सांगितले जाते. सावकाश घसरणाऱ्या बाजारात हे जमते. २३ मार्च २०२० रोजी निफ्टी १० टक्के पडल्यावर नियमानुसार व्यवहार ४५ मिनिटे बंद ठेवले गेले, आणि पुन्हा सुरू झाल्यावर घसरण १३ टक्क्यांपर्यंत गेली. त्या ४५ मिनिटांत कोणालाही कोणत्याही मर्यादेवर बाहेर पडता येत नव्हते.

आकड्याबरोबर दुसरे काय छापता येईल? आमच्या मते पीओपीच्या शेजारी दोन रकाने पुरेत: तोटा झालाच तर सरासरी किती, आणि निर्देशांक एका दिवसात ६ टक्के व १३ टक्के पडला तर हातातल्या सर्व लॉटवर किती. पहिला रकाना सूत्रावर अवलंबून असल्याने शेपटीच्या बाबतीत तोही कमीच सांगेल. दुसऱ्याला सूत्र लागत नाही, वजाबाकी पुरते. दहा लॉटच्या आपल्या उदाहरणात १३ टक्क्यांसमोर सुमारे ५ लाख ३६ हजार हा आकडा आला असता, साडेसहा लाखांच्या भांडवलावर.

व्यावसायिकांच्या हातूनही हे घडते, याचे एक नोंदलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. शिकागोच्या एलजेएम या संस्थेचा एक म्युच्युअल फंड एस अँड पी ५०० च्या वायद्यांवरचे ऑप्शन विकून उत्पन्न मिळवीत असे. फंडाच्या नावात 'प्रिझर्व्हेशन अँड ग्रोथ', म्हणजे 'जतन आणि वाढ', असे शब्द होते. सोमवार, ५ फेब्रुवारी २०१८ रोजी निर्देशांक ४.१ टक्के पडला. घसरण १९८७ च्या किंवा २०२० च्या तोडीची नव्हती. पण बाजाराने पुढच्या चढउताराचा अंदाज एकदम बदलला. तो मोजणारा व्हिक्स निर्देशांक १७.३१ वरून ३७.३२ वर गेला. चढउताराचा अंदाज दुप्पट झाला की विकलेला प्रत्येक ऑप्शन महागतो, निर्देशांक ना-नफा-ना-तोटा बिंदूपर्यंत पोचलेला असो वा नसो. मंगळवारी निर्देशांक पावणेदोन टक्के वर आला. या दोन दिवसांत फंडाने आपले सुमारे ८० टक्के मूल्य गमावले, आणि पुढे तो गुंडाळण्यात आला. मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने एलजेएमवर गुंतवणूकदारांना जोखमीची खोटी कल्पना दिल्याचा दावा दाखल केला.